गिलास, इस्टो आणि टेलर

गेल्या वेळी आपण स्वरांविषयी बोललो, आज जोडाक्षरांकडे वळू. सातारा-सांगलीकडचा जुना माणूस ग्लासला 'गिलास' म्हणतो, क्लासला 'किलास', प्लेटला 'पिलेट'. यावर शाळेत पोरांना हमखास ऐकवलं जातं, की जोडाक्षर यांच्या जिभेला वळत नाही. हे खरं आहे का, ते आधी पाहू.

हाच माणूस गोडाला 'ग्वाड' म्हणतो, पोटाला 'प्वाट', तेलाला 'त्याल' आणि शेताला 'श्यात'. प्रमाण मराठीत जिथे जोडाक्षर नाही, तिथे हा स्वतःहून ते तयार करतो! म्हणजे ग्वाड चालतं आणि ग्लास अडतो. पहिलं व्यंजन दोन्हीकडे 'ग'च आहे. फरक दुसऱ्यात आहे. य आणि व हे जवळजवळ स्वरच, ते पुढच्या स्वराला चिकटून सरकतात. कुणी म्हणेल, इथे ओ हा स्वरच फुटलाय, हे खरं जोडाक्षर नव्हेच. म्हणा तसं, आमचा मुद्दा त्याने पक्काच होतो. शब्दाच्या सुरुवातीला व्यंजनामागून य-व आलेले या बोलीला चालतात. र-ल आले की ती मध्ये स्वर घालते.

आणि हे इंग्रजीमुळे सुरू झालेलं नाही. प्रसादचा 'परसाद', त्रासचा 'तरास', प्रीतीची 'पिरीत' इंग्रजीशी संबंध न येताच झाली. बाहेरून शब्द आला, मग तो संस्कृतातून असो की इंग्रजीतून, त्याला एकच नियम लागला. घरच्या शब्दांत असा नियम दिसत नाही, कारण तो मोडणारे शब्द घरात नसतातच. पाहुणा आला की उंबरा किती उंच आहे ते कळतं, तसंच हे. घातलेला स्वरही कुठलाही नसतो: तरासमध्ये पुढच्या आ-शी जुळता अ, पिरीतमध्ये इ, ब्रशच्या 'बुरुश'मध्ये ब-मुळे ओठ गोल होऊन उ. ल आला की मात्र बहुधा इ येते, पुढे आ असला तरी, म्हणून किलास.

आता स्टोव्ह घ्या. त्याचा 'सिटो' झाला नाही, 'इस्टो' झाला. स्वर मध्ये न येता पुढे आला. मग इस आणि टो अशी दोन अक्षरं पडली, रस्ता-बस्तामध्ये पडतात तशी, आणि स-ट न तुटता निभावले. पण स्लिपची 'सिलिप'च होते, 'इस्लिप' नाही. सुरुवातीला स तर दोन्हीकडे आहे! हायडी फ्लाइशहॅकर यांनी 2005च्या प्रबंधात अनेक भाषांमधली अशी उदाहरणं मांडून कारण दिलं ते कानाचं आहे: स्वर तिथे घालायचा जिथे मूळ आवाज कमीत कमी बदलल्यासारखा वाटेल. ट उच्चारताना क्षणभर तोंड पूर्ण बंद असतं, स आणि ट यांच्यामध्ये स्वर घातला तर तो लगेच कानाला टोचतो. ल हा मुळातच स्वरासारखा घुमतो, त्याच्या आधीची बारीक इ त्यात मिसळून जाते.

दोन्ही उपाय एकाच शब्दात पाहायचे तर 'अस्तुरी' पाहा. स्त्रीमध्ये तीन व्यंजनं आहेत. स-त साठी अ पुढे आला, त-र साठी उ मध्ये आला. स्क्रूचा 'इस्कुरू' होतो तोही असाच, पायरीला पायरी जुळते.

शेवटी उसाच्या फडात जाऊ. ट्रॅक्टरचा 'टॅक्टर', ट्रेलरचा 'टेलर', ड्रायव्हरचा 'डायवर'. इथे स्वर आलाच नाही, र गळाला. पण ट्रकचा 'टरक' होतो, तिथे र टिकतो. असं का? गळालेल्या तिन्ही शब्दांच्या शेवटी आणखी एक र आहे. एका शब्दात दोन र नकोत म्हणून पहिला जातो, असं आम्हाला वाटतं. मात्र ट्रॉलीची 'टॉली'ही ऐकू येते, तिथे दुसरा र नाही. तेव्हा हा कल समजा, नियम नव्हे. आणखी एक अडचण: शाळेत इंग्रजी शिकलेली आजची पोरं सरळ 'ट्रॅक्टर' म्हणतात. त्यामुळे हे तपासायचं तर साठीच्या पुढच्या, शाळेत कमी गेलेल्या माणसांना बोलतं करावं लागतं. तेही शब्द वाचायला देऊन नाही, वस्तू दाखवून. अक्षर डोळ्यांपुढे आलं की माणूस लिहिलेलं म्हणतो, बोलीतलं म्हणत नाही.