थ्रेशोल्ड ओलांडला, तरी रिले गप्प

2N7000 हा तीन पायांचा, काही रुपयांत मिळणारा मॉसफेट. त्याच्या डेटाशीटमध्ये थ्रेशोल्ड व्होल्टेजपुढे एकच नेमका आकडा नसतो. कमीत कमी ०.८ आणि जास्तीत जास्त ३ व्होल्ट, असा ऐसपैस पट्टा दिलेला असतो. मायक्रोकंट्रोलरच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून रिले चालवू पाहणारा हौशी माणूस तो वाचतो आणि म्हणतो, ३.३ तर ३ पेक्षा जास्त आहे, मग काय अडचण? बहुतेक नग खरंच चालतात. एखादा मात्र रिले ओढतच नाही, आणि गंमत म्हणजे तो नग सदोषही नसतो.

मॉसफेटचं गेट खालच्या सिलिकॉनला टेकलेलं नसतं. मध्ये ऑक्साइडचा अतिपातळ, वीज न वाहू देणारा थर असतो. गेटवर धन व्होल्टेज दिलं की त्याच्या ओढीने इलेक्ट्रॉन थराच्या खाली जमू लागतात. पुरेसे जमले की सोर्सपासून ड्रेनपर्यंत त्यांची एक सलग वाट तयार होते, तिला चॅनेल म्हणतात. ही वाट जेमतेम बनते तेव्हाचं गेटचं व्होल्टेज म्हणजे थ्रेशोल्ड, V_T. डेटाशीट हा आकडा अवघ्या १ मिलिअँपिअर प्रवाहाला मोजते. म्हणजे तिथे मॉसफेट नुकता वाहू लागलेला असतो, पूर्ण ‘ऑन’ झालेला नसतो. घोळ होतो तो इथेच.

गेट थ्रेशोल्डच्या खाली असेल तर मॉसफेट कटऑफमध्ये असतो. तिथे किंचित गळती सोडली तर प्रवाह नाही. थ्रेशोल्डच्या वर किती व्होल्ट उरतात, V_GS − V_T, यावर पुढचं सारं ठरतं. ड्रेनवरचं V_DS या उरलेल्या व्होल्टेजपेक्षा कमी असेल तर चॅनेल टोकापर्यंत शाबूत राहतो आणि मॉसफेट जवळजवळ रेझिस्टरसारखा वागतो. हा ट्रायोड विभाग:

I_D = k [ (V_GS − V_T) V_DS − V_DS²/2 ]

V_DS त्याहून वाढलं की ड्रेनच्या टोकाशी चॅनेल संपतो. मग ड्रेनवर आणखी व्होल्टेज चढवलं तरी प्रवाह फारसा वाढत नाही. हा सॅच्युरेशन विभाग:

I_D = (k/2) (V_GS − V_T)²

आता आपलं गणित. रिले १२ व्होल्टचा, कॉइल ४०० ओहमची, म्हणजे पूर्ण प्रवाह ३० मिलिअँपिअर. (कॉइलला उलटा डायोड जोडलेला आहे असं धरू, तो नसेल तर मॉसफेट मरायला थ्रेशोल्डचं कारण लागत नाही.) k = ०.१ अँपिअर प्रति व्होल्ट वर्ग मानू आणि पहिल्या नगाचा थ्रेशोल्ड २ व्होल्ट. गेटवर ३.३ व्होल्ट आहेत, म्हणजे वर उरले १.३.

विभाग आधीच ठाऊक नसतो. एक गृहीत धरायचा आणि उत्तर त्याच्याशी जुळतं का ते पाहायचं. सॅच्युरेशन धरला तर ०.०५ × १.६९, म्हणजे ८४.५ मिलिअँपिअर. पण एवढ्या प्रवाहाला कॉइलवरच ३३.८ व्होल्ट लागतील, आणि पुरवठा आहे १२ चा. गृहीतक फसलं, म्हणजे ट्रायोड. कॉइल सांगते I_D = (12 − V_DS)/400. हे ट्रायोडच्या सूत्राशी जुळवलं की उरतं:

20 V_DS² − 53 V_DS + 12 = 0

उत्तरं दोन, ०.२५ आणि २.४ व्होल्ट. २.४ हे १.३ पेक्षा मोठं, तिथे ट्रायोडचं सूत्र लागूच पडत नाही, म्हणून ते बाद. उरलं ०.२५. प्रवाह ११.७५ भागिले ४००, सुमारे २९.४ मिलिअँपिअर. रिले टक्कन ओढला जातो.

दुसरा नग घेऊ. थ्रेशोल्ड २.८, बाकी सगळं तेच. आता वर उरले फक्त ०.५ व्होल्ट. सॅच्युरेशनने प्रवाह ०.०५ × ०.२५, म्हणजे १२.५ मिलिअँपिअर. कॉइलवर ५ व्होल्ट, मॉसफेटवर ७. सात हे ०.५ पेक्षा मोठं, म्हणजे या वेळी गृहीतक बरोबर. १२ व्होल्टच्या रिलेला ओढायला साधारण ९ व्होल्ट लागतात, त्याला मिळतात ५. तो गप्पच राहणार.

सर्किट चालू ठेवून मल्टिमीटर ड्रेन आणि सोर्सवर लावला की निदान लगेच होतं. पाव व्होल्टच्या आसपास दिसलं तर मॉसफेट पुरता उघडलाय. कित्येक व्होल्ट दिसले आणि गेटवर ३.३ व्यवस्थित पोचत असतील, तर तो सॅच्युरेशनमध्ये अडकलाय.

म्हणून स्विच निवडताना डेटाशीटमध्ये ऑन-रेझिस्टन्सची ओळ वाचावी, R_DS(on), आणि तो कोणत्या गेट व्होल्टेजला दिलाय ते पाहावं. 2N7000 ला तो ४.५ आणि १० व्होल्टला दिलेला असतो, ३.३ ला काय होईल याची हमी कुणी घेतलेली नसते. ३.३ व्होल्टच्या पिनसाठी ही ओळ २.५ व्होल्टला भरलेली असेल असा मॉसफेट घ्यावा.