उधारीवर कमिशन दिलं, तर दुकान बुडणार कसं? नागऱ्यातल्या कृषी केंद्राचं गणित

नागरा : धानपट्ट्यात खत-औषधं जुलैत उधारीवर उचलली जातात आणि पैसे येतात ते धान विकल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात. सेल्समनचं कमिशन ठरवताना हेच अंतर विसरलं जातं.

समजा, नागऱ्यातल्या एका कृषी केंद्रात पगार ८ हजार आणि विक्रीवर ४ टक्के कमिशन आहे. जुलैत ३ लाखांची विक्री झाली, पोऱ्याला १२ हजार कमिशन मिळालं. पण त्यात २ लाख उधारी होती आणि डिसेंबरात ६० हजार अडकले. तोटा मालकाचा, कमिशन मात्र आधीच खिशात! मग पोरगा कोणालाही माल देणारच ना?

आता पगार १२ हजार करा. बिल फाडल्यावर १ टक्का आणि पैसे जमा झाल्यावर २ टक्के द्या. जुलैत पगारासह १७ हजार हाती येतील, वसुलीनंतर आणखी २,८०० रुपये. एकूण १९,८००, म्हणजे आधीच्या २० हजारांच्या जवळपासच. शिवाय मंदीच्या महिन्यात घर चालतं, म्हणून चांगला माणूस टिकतो. कमिशनला वरची मर्यादा मात्र ठेवू नका. उधारी कोणाला, किती, हे मालकानंच ठरवावं.

कीटकनाशकावर जास्त टक्का तर नकोच. तसं केलं की गरज नसलेली बाटलीही शेतकऱ्याच्या गळ्यात मारली जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे विसरून कसं चालेल?

विक्री वाढली पण वसुली घटली, तर पोराला रागावण्याआधी कमिशनचा नियम तपासा.