नांदेड–लातूर: रस्ता विचारण्याआधी चार गोष्टी सांगा

'लातूरला कसं जाऊ?' एवढाच प्रश्न आला की उत्तर देता येत नाही. कुठून, नेमकं कुठे, किती वाजता आणि कशाने, हे आधी लागतं.

'नांदेडहून' एवढ्यानेही भागत नाही. तुम्ही सिडकोत राहत असाल तर गोदावरी ओलांडून बसस्थानकावर कशाला जाता? लातूरचा रस्ता तुमच्या बाजूच्या लातूर फाट्यावरूनच जातो. तुमची गाडी तिथे थांबते का, तेवढं विचारून घ्या.

'लातूर' म्हणजे शहर की जिल्हा? उदगीरला जायचं असेल तर लातूर शहर गाठू नका. लोहा, अहमदपूर करत शिरूर ताजबंदला या आणि तिथून उदगीरकडे वळा.

आता साधन. रस्त्याने लोहा, अहमदपूर, चाकूर करत सुमारे १४० किलोमीटर. रेल्वे मात्र पूर्णा, परभणी, परळी असा वळसा घालते, अंतर दोनशेच्या वर जातं. म्हणून दिवसा घाई असेल तर एसटी बरी. रेल्वे निवडायची तर गाडीची वेळ आधी बघा, कारण थेट गाड्या मोजक्याच.

तिकीट काढताना स्टेशनचा कोड तपासा. लातूर शहराचा LUR. LTRR म्हणजे लातूर रोड, ते जंक्शन शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. रात्री तिथे उतरलात तर पुढचं वाहन शोधत बसावं लागेल.

तेव्हा विचारताना असं विचारा: 'सिडकोतून उदगीर बसस्थानक, सकाळी दहापर्यंत, एसटीने.' नेमकं उत्तर मिळेल.