पिंजऱ्यातली रात्र आणि समितीचे प्रश्न

ब्रिटनमध्ये रानउंदरांची गणती करायची, तर विद्यार्थ्याला आधी विद्यापीठाच्या नीतिसमितीकडे अर्ज करावा लागतो. गणतीसाठी बहुधा लाँगवर्थ पिंजरा वापरतात. तो ॲल्युमिनियमचा असतो, पुढे बोगदा आणि मागे घरट्याची डबी. प्राणी जिवंत पकडून, मोजून सोडायचा असतो.

समितीची खरी चिंता असते ती चिचुंद्रीची. अभ्यास उंदरांचा असला, तरी तीही आत शिरते. तिचे वजन जेमतेम ५ ते १४ ग्रॅम. दर दोन-तीन तासांनी खाल्ले नाही, तर ती उपाशी मरते. उंदरांसाठी ठेवलेले धान्य तिला पुरत नाही, कारण ती कीटकांवर जगते. म्हणून अर्जात प्रत्येक पिंजऱ्यात माशीचे कोष ठेवू, असे लिहावे लागते. शिवाय १९८१च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण असल्याने तिला पकडायला परवानाही लागतो.

थंडीवर उपाय म्हणजे डबीत कोरडे गवत भरणे. पिंजरा मागे किंचित उतरता ठेवला, तर पाणी आत साचून गवत भिजते. म्हणून उतार दाराकडे हवा. संध्याकाळी लावलेले पिंजरे पहाटे तपासायचे. दिवसा कोणी फिरकणार नसेल, तर दारे बंद करायची.

अर्जात शेवटी थांबण्याची अटही हवी: किती प्राणी दगावले किंवा हवामान किती बिघडले, की काम बंद करायचे. ती अट आधीच लिहिलेली नसेल, तर अर्ज अपुराच समजावा.