काळ्या मातीचा पोत

परभणीजवळच्या कापसाच्या रानातली ही माती. वरच्या वीस सेंटिमीटरमधून नमुना घेतला, सावलीत वाळवला, कुटून दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळला.

पोत ठरवायचा म्हणजे मातीत वाळू, पोयटा आणि चिकण शेकडा किती ते काढायचे. ५० ग्रॅम माती कॅल्गॉनच्या द्रावणात ढवळून एक लिटरच्या नळकांड्यात भरली आणि नीट हलवली. ४० सेकंदांत वाळू तळाला बसते. त्या क्षणी हायड्रोमीटर पोयटा आणि चिकण मिळून किती ते दाखवतो. दोन तासांनी पोयटाही खाली जातो, उरते ती चिकण. नुसत्या कॅल्गॉनच्या पाण्यात वाचन ४ आले, ते प्रत्येक वाचनातून वजा केले.

पहिल्या खेपेस वाचने ३८ आणि १८ आली. वजाबाकीनंतर ३४ आणि १४ ग्रॅम, म्हणजे ६८ आणि २८ टक्के. वाळू ३२, पोयटा ४०, चिकण २८. पोताच्या त्रिकोणात चिकणच्या २८ वरून आडवी रेष काढली, तळाशी वाळूच्या ३२ पासून उजव्या बाजूला समांतर रेष वर नेली. दोन्ही मिळाल्या तो कप्पा ‘चिकण पोयटा’चा.

मला ते पटले नाही. तीच माती ओली करून अंगठा आणि बोटामध्ये दाबली, तर पाच सेंटिमीटरहून लांब पट्टी तुटल्याशिवाय निघत होती. एवढी लांब पट्टी भारी मातीचीच निघते. दोष होता तो चुनखडीचा. तिच्यातले कॅल्शियम चिकणच्या कणांना एकमेकांशी बांधून ठेवते आणि त्या गुठळ्या पोयट्यासारख्या, काही तर वाळूसारख्या बुडतात. मग माती रात्रभर कॅल्गॉनमध्ये भिजवली आणि सकाळी यंत्राने दहा मिनिटे घुसळली. आता वाचने ४४ आणि ३२. हिशेबाने वाळू २०, पोयटा २४, चिकण ५६. कप्पा बदलला: ‘चिकणमाती’.

चुनखडीची खूण सामूतही दिसली. २० ग्रॅम माती ५० मिलिलिटर पाण्यात अर्धा तास अधूनमधून ढवळली. मीटर आधी ७ आणि ९.२ च्या प्रमाणित द्रावणांवर जुळवून घेतला होता. सामू ८.२ आला. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच माती फसफसली. सामू ८.५ च्या वर गेला असता तर मात्र सोडियमचा संशय घ्यावा लागला असता.

सेंद्रिय कर्बासाठी एक ग्रॅम बारीक मातीत डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल घातले. त्या उष्णतेत कर्ब जळतो, डायक्रोमेट खर्ची पडते. उरलेले फेरस अमोनियम सल्फेटने मोजतात. मातीविना २० मिलिलिटर लागले, मातीसह १७. त्यावरून कर्ब ०.४५ टक्के. पण या पद्धतीत कर्बाचा साधारण तीन चतुर्थांशच भाग जळतो. १.३ ने गुणले की ०.५८ होतो. म्हणून अहवालात आकड्याशेजारी लिहिले: ‘१.३ ने गुणलेला नाही.’