ऐंशी दिवस आणि दहा माणसं

दिवस गेलेले असताना नोकरी बदलू नये, असा सल्ला घरोघरी मिळतो. कारण विचारलं तर ‘नव्या ठिकाणी रजा कोण देणार?’ एवढंच उत्तर येतं. सल्ला अगदीच चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नव्या नोकरीवर रुजू झालेल्या बाईलाही २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळू शकते. उलट एखाद्या ठिकाणी सहा वर्षं काम करूनही एक दिवसाची रजा हक्कानं मागता येत नाही. हा फरक दोन आकड्यांमुळे पडतो. नव्या मालकाकडे भरलेले दिवस आणि त्याच्याकडे कामाला असलेली माणसं.

आधी दिवसांचं पाहू. प्रसूती लाभाचा कायदा १९६१ सालचा. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठीची रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत, मात्र मुख्य अट जुनीच आहे. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत, ज्या मालकाकडे रजा मागायची त्याच्याकडे किमान ८० दिवस काम झालेलं असलं पाहिजे. १९८८ च्या दुरुस्तीआधी हीच अट १६० दिवसांची होती. म्हणजे तेव्हा गरोदरपणात नोकरी बदलणाऱ्या बाईला फारसा वावच नव्हता.

‘ज्या मालकाकडे रजा मागायची त्याच्याकडे’ हे शब्द इथे महत्त्वाचे. जुन्या कंपनीत काढलेली पाच वर्षं या हिशोबात शून्य धरली जातात. आणि स्वतःहून राजीनामा दिल्यावर जुन्या मालकाकडेही मागणं उरत नाही. नोकरी बदलण्याची खरी किंमत ती इथे मोजते. गरोदरपणात मालकानंच काढून टाकलं असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. काढलं नसतं तर जो लाभ मिळाला असता, तो बडतर्फीमुळे बुडत नाही. म्हणून ‘तूच राजीनामा लिहून दे, दोघांनाही सोयीचं पडेल’ असं कुणी गोड बोलून सांगितलं, तर सही करण्याआधी थांबावं. सोय एकाचीच असते.

आता एक हिशोब मांडून पाहू. समजा, ठाण्यातल्या १४ माणसांच्या एका ऑफिसात एक अकाउंटंट ४ मे २०२६ ला, सोमवारी, रुजू झाली. पगार ४२ हजार, आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख २० ऑक्टोबर. ऑफिस आठवड्याला पाच दिवस चालतं. पाच दिवसांप्रमाणे ८० दिवस भरायला सोळा आठवडे लागतात, म्हणजे तिचा ऐंशीवा दिवस २१ ऑगस्टच्या शुक्रवारी येतो. कायद्यानं अपेक्षित तारखेआधी जास्तीत जास्त आठ आठवडे रजा सुरू करता येते. तो दिवस येतो २५ ऑगस्टला, मंगळवारी. म्हणजे ती अगदी काठावर, पण वेळेत पोचली. २५ ऑगस्टपासून रजा घेतली तर १८२ दिवस २२ फेब्रुवारी २०२७ ला संपतील. मोबदला नव्या ऑफिसातल्या पगारावर धरला जाईल, कारण रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांची सरासरी घेतली जाते. पगार जास्त आहे म्हणून नाकारता येत नाही. या कायद्याला पगाराची वरची मर्यादा नाही.

तीच बाई १ जुलैला रुजू झाली असती तर? पाच दिवसांच्या आठवड्यात तिचा ऐंशीवा दिवस नेमका २० ऑक्टोबरला आला असता. कायद्याला तारखेच्या आधीचे दिवस हवेत, आणि तिचे भरतात ७९. सहा दिवसांच्या ऑफिसात मात्र तेच ८० दिवस १ ऑक्टोबरला पुरे झाले असते. एकीला रजा, दुसरीला काहीच नाही, आणि दोघींत फरक फक्त शनिवारांचा.

हे मोजताना दोन ठिकाणी घोळ होतो. कायद्यानं पगारी म्हणून जाहीर केलेल्या सुट्ट्या आणि कामाअभावी मालकानं बसवून ठेवलेले दिवस ८० मध्ये धरले जातात. रविवार धरायचा की नाही यावर मालक वाद घालू शकतो, म्हणून आपला हिशोब तो वगळूनच करावा. दुसरा घोळ बिनपगारी रजेचा. पहिल्या महिन्यांत उलट्यांनी हैराण होऊन सहा दिवस घरी काढले आणि ते बिनपगारी लागले, तर वरच्या उदाहरणातला ऐंशीवा दिवस २१ वरून ३१ ऑगस्टवर जातो. रजा त्यानंतर घेतली की झालं. पण बाळ लवकर आलं आणि हजेरी ७० वरच थांबली, तर उरलेले दहा दिवस कुठून भरणार? बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तिला कामावर घ्यायला कायद्यानंच मनाई आहे.

प्रोबेशनचा या सगळ्याशी काही संबंध नाही. ‘आमच्याकडे सहा महिने प्रोबेशन, तोवर मॅटर्निटी लीव्ह नाही’ असं काही एचआरवाले अगदी आत्मविश्वासानं सांगतात. कायद्यात अशी अट नाही. गरोदर असल्याचं मुलाखतीत सांगितलं नव्हतं हा आरोपही टिकणं अवघड असतं. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नीरा माथूर यांचं प्रकरण आलं होतं. आयुर्विमा महामंडळात त्या प्रोबेशनवर लागल्या, थोड्याच काळात बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांना कमी करण्यात आलं. भरतीच्या फॉर्मात मासिक पाळी आणि गर्भारपणाबद्दल विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं दिली नाहीत, असं कारण पुढे आलं. न्यायालयानं त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि असले लाज आणणारे रकाने फॉर्ममधून काढायला सांगितलं. नवी नोकरी कराराची असेल आणि करार रजेच्या मधेच संपत असेल, तरी लाभ कराराबरोबर संपत नाही, हे कविता यादव प्रकरणात २०२३ मध्ये स्पष्ट झालं.

आता माणसांकडे वळू. कारखाना, खाण आणि मळा सोडला, तर दुकानाला किंवा ऑफिसाला हा कायदा दहा किंवा जास्त माणसं असतील तेव्हाच लागू होतो. आज नऊ आहेत म्हणून मालक सुटला असं मात्र नाही. मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशीही दहा माणसं असली तरी पुरतं. शिवाय संहितेप्रमाणे कायदा एकदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी तो लागूच राहतो. ठेकेदारामार्फत आलेला माणूसही संहितेच्या व्याख्येत कर्मचारी आहे. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेली मुलं त्यात येत नाहीत. म्हणून ‘आम्ही आठच जण आहोत’ असं कुणी म्हणालं, तर साफसफाईच्या बाई आणि दारावरचे रखवालदार या आठांत धरलेत का, हे विचारायला हरकत नाही. माणसं पन्नास झाली की पाळणाघराची सोयही मालकावर येते, पण रजेचा प्रश्न दहावरच सुटतो किंवा अडतो.

ज्यांचा पगार महिना २१ हजारांपर्यंत आहे आणि ज्यांचं ऑफिस राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये आहे, त्यांची वाट वेगळी आहे. माझ्या मते तीच जास्त शहाणपणाची. तिथे पैसे मालक देत नाही, महामंडळ देतं, आणि ‘या मालकाकडे ८० दिवस’ ही अटच नाही. त्याऐवजी ठरावीक दोन सहामाह्यांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते, मग ती कुणाकडे का भरलेली असेना. १ जुलैला नोकरी बदललेली, २० ऑक्टोबरची तारीख असलेली बाई १९ हजार पगारावर दोन्ही ठिकाणी ईएसआयमध्ये असेल, तर तिच्यासाठी एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षातली वर्गणी पाहिली जाईल. म्हणजे सगळी जुन्या मालकाकडचीच. नव्या ठिकाणी तिचे ७९ दिवस झाले की ४० यानं काही बिघडत नाही. फक्त रुजू होताना जुना विमा क्रमांक नव्या ऑफिसला द्यायला हवा. अनेक जागी तो न विचारता नवा क्रमांक काढला जातो, वर्गणी दोन खात्यांत विभागली जाते आणि दावा करायच्या वेळी ७० दिवस एका ठिकाणी दिसतच नाहीत.

दोन वाटांतला हा फरक उगाच नाही. २१ हजारांच्या वर गेलं की २६ आठवड्यांचा सगळा पगार एकट्या मालकाच्या खिशातून जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २००० सालच्या करारात हा खर्च एकट्या मालकावर टाकू नये असं म्हटलं आहे. भारतानं तो करार स्वीकारलेला नाही. म्हणून छोट्या मालकाला झेपणार नाही हे गृहीत धरून आपला कायदा दहाखालच्या मालकाला मोकळं सोडतो, आणि त्याचा भार बाई उचलते.

सात माणसांच्या सीए फर्ममध्ये किंवा दवाखान्यात जाणाऱ्या बाईला मग उरतं ते नियुक्तीपत्र. रजा किती आठवडे, त्यातली पगारी किती आणि परत आल्यावर हीच जागा राहणार का, एवढं त्यात लिहून घेतलं तर ते कराराप्रमाणे मागता येतं. बोलणं सही करण्याआधी व्हायला हवं. नंतर ती मालकाची मर्जी होते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये मिळू शकतात, आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,०००. अंगणवाडी सेविकेकडे त्याची नोंद होते.

दहाच्या वरच्या ऑफिसात रजेचा अर्ज लेखी द्यावा. त्यात रजा कोणत्या तारखेपासून ते लिहावं, सोबत डॉक्टरांचा दाखला जोडावा आणि पोच घ्यावी. बाळंतपणाआधीच्या दिवसांचे पैसे दाखला दिल्यावर आगाऊ द्यायचे असतात, आणि उरलेले, बाळ झाल्याचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. मालकानं नकार दिला तर तोही लेखी मागावा. मग तो कागद, हजेरीची नोंद आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते.