पुलाव, रोजचा भात आणि बिर्याणी : कोणत्या भांड्यात कोणता तांदूळ?

आपल्या वस्तीतील बहुतेक घरांत महिन्याचा तांदूळ दोन ठिकाणांहून येतो. काही रेशन दुकानातून, काही नाक्यावरच्या किराणा दुकानातून. घरात नामकरण, वाढदिवस किंवा पाहुणे असले की तिसरी पिशवी येते, ती बासमतीची. ही तिसरी पिशवी महाग असते आणि फसवणूकही तिच्यातच जास्त होते. म्हणून या वेळी आम्ही तांदळाच्या निवडीबद्दल लिहीत आहोत. महाग तांदूळ चांगला आणि स्वस्त तो वाईट, अशी सरळ वाटणी येथे चालत नाही. ज्या भांड्यात जो तांदूळ शोभतो तो घेतला, तर पैसेही वाचतात आणि ताटही बिघडत नाही.

प्रथम भात मोकळा का होतो आणि चिकट का होतो, हे समजून घेऊ. तांदळाच्या दाण्यात मुख्यतः पिष्ट म्हणजे स्टार्च असते. त्याचे दोन प्रकार आहेत. एकाचे नाव अमायलोज. हे जास्त असेल तर भात मोकळा होतो आणि थंड झाल्यावर थोडा कडक लागतो. दुसरे अमायलोपेक्टिन. त्याचे प्रमाण जास्त असेल तर भात मऊ, चिकट होतो. म्हणजे मोकळेपणा नुसत्या दाण्याच्या लांबीवर ठरत नाही, आतल्या पिष्टावर ठरतो. इंद्रायणीचा दाणा अगदीच आखूड नसतो, तरी तो चिकटच शिजतो, कारण तो आंबेमोहोराच्या वंशातला आहे. उलट कोलमचा दाणा बासमतीपेक्षा बराच लहान, तरी जुना कोलम सुटा शिजतो.

दुसरी गोष्ट वयाची. नव्या तांदळात ओलावा जास्त असतो. शिजवताना त्याचे पिष्ट लवकर पाण्यात उतरते आणि भाताचा गोळा होतो. वर्षभर कोरड्या जागी ठेवलेल्या तांदळाचा ओलावा घटतो आणि दाण्याची आतली बांधणी घट्ट होते. असा दाणा जास्त पाणी पितो, फुटत नाही. बासमतीमध्ये याहून एक वेगळा गुण आहे. तो शिजताना जाड कमी होतो आणि लांब जास्त होतो. जुना, चांगला बासमती शिजल्यावर जवळजवळ दुप्पट लांब होतो. बिर्याणीसाठी आपण जादा पैसे मोजतो ते या गुणासाठी आणि सुगंधासाठी.

हा गुण पिशवीत खरोखर आहे की नाही, हे घरी तपासता येते. दुकानदाराकडून मूठभर नमुना मागून घ्यावा. त्यातले दहा अखंड दाणे मुलांच्या पट्टीशेजारी टोकाला टोक लावून ओळीत मांडावेत. बासमती असेल तर ओळ साधारण सात सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरते. मग ते दाणे अर्धा तास पाण्यात भिजवून भरपूर उकळत्या पाण्यात दहा मिनिटे शिजवावेत आणि पुन्हा तसेच मांडावेत. ओळ तेरा-चौदा सेंटिमीटरपर्यंत गेली तर माल चांगला आणि जुना. दहा-अकरावरच थांबली, दाणे जाड झाले, टोके फाटली, तर तो नवा तरी आहे किंवा नुसता लांब दाण्याचा दुसरा तांदूळ आहे. रंगावर एकट्यावर विश्वास ठेवू नये. जुना बासमती थोडा पिवळसर असतो हे खरे, पण रंग लावूनही पिवळसर करता येतो. बासमतीत कृत्रिम रंग, कृत्रिम सुगंध किंवा चकाकी आणणारे पदार्थ नसावेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम 1 ऑगस्ट 2023 पासून लागू आहे. कच्च्या तांदळाला अत्तरासारखा तीव्र वास येत असेल आणि शिजल्यावर तो नाहीसा होत असेल, तर संशय घ्यावा.

आता तिन्ही भांडी एकेक करून पाहू.

रोजचा भात. यासाठी मध्यम दाणा उत्तम : कोलम, एचएमटी, मसुरी. वरण, आमटी, रस्सा यांच्याबरोबर कालवता येतो आणि गोळाही होत नाही. एचएमटी या तांदळाची गोष्ट आपल्या घरात माहीत असायला हवी. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे दलित समाजातील अल्पभूधारक शेतकरी. 1980 च्या दशकात त्यांना धानाच्या शेतात काही लोंब्या इतरांपेक्षा वेगळ्या दिसल्या. त्यांनी ते बी वेगळे ठेवले, वर्षानुवर्षे निवडून लावले आणि त्यातून हे बारीक दाण्याचे वाण तयार झाले. तेव्हा गाजत असलेल्या घड्याळाच्या नावावरून त्याला एचएमटी म्हणू लागले. दादाजींचे 2018 मध्ये निधन झाले. आज अनेक राज्यांत हा तांदूळ पिकतो, पण पिशवीवर त्यांचे नाव नसते.

जुन्या कोलम-एचएमटीला एका वाटीला दोन ते सव्वादोन वाट्या पाणी लागते. नवे पीक दिवाळीनंतर बाजारात येते, त्या वेळी अर्धी वाटी पाणी कमी करावे. नवा तांदूळ स्वस्त मिळाला तर घ्यायला हरकत नाही. कोरड्या डब्यात कडुनिंबाची वाळलेली पाने घालून चार-सहा महिने ठेवला की त्याचाच भात सुटा होऊ लागतो.

रेशनच्या तांदळात कधी कधी थोडे वेगळ्या रंगाचे, वेगळ्या आकाराचे दाणे दिसतात. वस्तीत त्याला प्लॅस्टिकचा तांदूळ म्हणतात आणि काही घरांत ते वेचून फेकतात. ते प्लॅस्टिक नसते. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळून केलेले ते पोषक दाणे असतात. शंभर किलो तांदळात साधारण एक किलो या प्रमाणात ते मिसळलेले असतात. ते फेकले तर घरातील गरोदर बाईच्या आणि वाढत्या मुलीच्या वाट्याचे लोह फेकले जाते. असा तांदूळ जास्त चोळून धुऊ नये आणि शिजताना पेज काढून टाकू नये. घरात सिकलसेल किंवा थॅलेसिमियाचा रुग्ण असेल तर त्याच्या आहाराबाबत डॉक्टरांना विचारावे.

चिकट, आखूड दाणा. आंबेमोहोर, इंद्रायणी आणि गावठी जाड तांदूळ हे मऊ भात, खिचडी, पेज आणि खीर यांसाठी. लहान मूल, दात पडलेले आजोबा, आजारातून उठलेला माणूस यांना हाच भात बरा, कारण तो लवकर पचतो. पण लवकर पचतो म्हणूनच मधुमेह असलेल्यांनी तो रोजचा करू नये. रक्तातली साखर त्याने झपाट्याने चढते. त्यांना जुना कोलम किंवा बासमती तुलनेने बरा. तरी बासमती आहे म्हणून ताट भरून घेतला तर फायदा उरत नाही. एक वाटी भात, त्याच्या दुप्पट भाजी-डाळ, हे प्रमाण तांदळाच्या नावापेक्षा महत्त्वाचे आहे. या तांदळाची बिर्याणी करू नये. थर लागत नाहीत, तळाशी लापशी होते.

पुलाव. येथे पैसे वाचवण्याची चांगली जागा आहे. पुलावात तांदूळ आणि मसाला एकत्रच शिजतो, त्यामुळे अखंड लांब दाण्याची गरज नसते. बाजारात बासमतीचा तुटका माल वेगळा विकतात. पाऊण दाण्याला तिबार म्हणतात, त्याहून लहानाला दुबार आणि अगदी बारीक तुकड्याला मोगरा. सुगंध तोच, भाव बराच कमी. पुलावासाठी तिबार किंवा दुबार घ्यावा. अलगद दोन-तीन पाण्यांत धुऊन वीस मिनिटे भिजवावा, पाणी निथळून तेलात मिनिटभर हलक्या हाताने परतावा आणि वाटीला दीड वाटी गरम पाणी घालावे. कुकरला एक शिटी पुरते. शिटीनंतर झाकण लगेच उघडू नये, दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. लगेच ढवळले की गरम दाणे तुटतात. मोगरा मात्र पुलावात चिकटतो, त्याची खिचडी करावी.

बिर्याणी. येथे अखंड, जुना बासमतीच हवा, कारण दाण्याला दोनदा शिजावे लागते, एकदा पाण्यात आणि एकदा दमावर. समजा घरी वीस माणसे आहेत. दोन किलो तांदूळ पुरतो. तो अर्धा तास भिजवावा. मोठ्या पातेल्यात दहा-बारा लिटर पाणी खळखळ उकळावे. त्यात मीठ इतके की पाणी आमटीपेक्षा थोडे खारट लागावे, त्यातले बरेचसे मीठ पाण्याबरोबर निघून जाते. पाणी कमी असेल तर तांदूळ टाकताच उकळी बसते आणि दाणा चिकटतो. नेमकी हीच चूक वस्तीतल्या लहान पातेल्यांत होते. मोठे भांडे नसेल तर एकेक किलो दोनदा करावे.

पाचव्या मिनिटापासून दाणा बोटांनी दाबून पाहावा. दोन-तीन तुकडे व्हावेत आणि मध्ये पांढरा कण दिसावा. तेव्हाच निथळावा. पूर्ण शिजेपर्यंत थांबलात तर दमावर त्याचा लगदा होणारच. मग शिजलेल्या चिकनवर किंवा भाजीवर थर लावून, झाकण घट्ट बसवून, पातेल्याखाली तवा ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे दम द्यावा.

शंभर-दोनशे माणसांच्या पंगतीला आचारी सेला तांदूळ मागतात. तो फसवणुकीचा माल नाही. धान टरफलासकट वाफवून, वाळवून मग कांडले की सेला होतो. दाणा पिवळसर आणि टणक असतो, थोडी वेळेची चूक सहन करतो. कोंड्यातली काही ब-जीवनसत्त्वेही त्यात आत उतरतात. मात्र सुगंध कमी असतो, तासभर तरी भिजवावा लागतो आणि पाण्यातही जास्त वेळ लागतो. पहिल्यांदाच मोठी बिर्याणी करणाऱ्याने सेलाच घ्यावा.

थोडक्यात घरात दोनच पिशव्या पुरतात : रोजसाठी जुना मध्यम दाणा आणि पुलावासाठी किलोभर तिबार. मऊ भाताला रेशनचा तांदूळ थोडे जास्त पाणी घालून चालतो. अखंड बासमती बिर्याणीच्या दिवशी लागेल तेवढाच आणावा आणि आणण्याआधी दहा दाणे पट्टीवर मोजावेत.